१५ ऑगस्टला कामावर बोलावले; बदली सुट्टी नेमकी कशी मागावी?

तिसरा_फलाट | १६ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

मी अंधेरी पूर्वेला एका वितरण कंपनीच्या कार्यालयात साठ्याचे हिशेब पाहतो. गोदाम साकीनाक्याला आहे. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी मी घाटकोपरला मेट्रोतून उतरून रेल्वेच्या जिन्यावर होतो, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. नवी संगणकप्रणाली सोमवारपासून सुरू होणार असल्यामुळे दुसऱ्या दिवशी गोदामातील दोन रॅकची मोजणी पूर्ण झालीच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. १५ ऑगस्टला गाड्या रविवारच्या वेळापत्रकाने धावत होत्या, त्यामुळे डोंबिवलीहून सकाळी आठला निघूनही पोहोचायला दहा वाजले. संध्याकाळी साडेसहापर्यंत मी, दोन हमाल आणि फाटकावरचे रखवालदार, एवढेच तिथे होतो.

त्यानंतर बदली सुट्टीचा विषय मी साहेबांकडे दोनदा तोंडी काढला आणि दोन्ही वेळा ‘बघू, घे नंतर’ असे उत्तर मिळाले. मला ती २३ ऑक्टोबरला भाऊबीजेसाठी हवी आहे, कारण बहीण साताऱ्याला असते. काल मनुष्यबळ विभागातील बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी पडद्यावर माझी हजेरी दाखवली. १५ ऑगस्टसमोर फक्त ‘सुट्टी’ अशी नोंद आहे, कारण बोट लावायचे यंत्र कार्यालयात आहे, गोदामात नाही. मी कामावर होतो याचा कंपनीकडे काहीच पुरावा नाही, असे आता दिसते. भांडण न करता ही सुट्टी कशी मागावी?

चहाटपरी | १६ सप्टेंबर, रात्री १०:०५

देशाच्या स्वातंत्र्यदिनी आपण रॅक मोजत होता, हे वाचून वाईट वाटले. झेंडावंदनाला निदान हमालांनी तरी आपल्याला सलामी दिली असेल, अशी आशा आहे.

परळची_सिस्टर | १६ सप्टेंबर, रात्री १०:५०

मी एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी वॉर्ड बंद ठेवता येत नाही, त्यामुळे सी-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, हा रोजचाच शब्द आहे. महिन्याच्या ड्युटीपत्रकात इन्चार्ज सिस्टर लाल पेनाने त्या दिवशी ‘पीएच’ लिहितात आणि पुढच्या पत्रकात आपला सी-ऑफ टाकून देतात. अर्ज करावा लागत नाही, फक्त पत्रक लागण्याआधी त्यांच्या कानावर तारीख घालावी लागते. आपणही साहेबांना पत्रकात टाकायला सांगावे.

तिसरा_फलाट | १६ सप्टेंबर, रात्री ११:१०

सिस्टर, आमच्याकडे ड्युटीपत्रकच नाही. सोमवार ते शनिवार ठरलेली वेळ आहे आणि रविवार सुट्टी. म्हणूनच सुट्टीच्या दिवशी आलेला माणूस कोणत्याच कागदावर दिसत नाही.

उपनगरी | १७ सप्टेंबर, सकाळी ८:२०

सरकारी सुट्टीच्या दिवशी बोलावले तर दुप्पट पगार द्यावा लागतो, हा कायदा आहे. आपण सुट्टी मागण्यापेक्षा पैसे मागावेत. सरकारने जाहीर केलेली प्रत्येक सुट्टी खासगी कंपनीलाही बंधनकारक असते. परवा ८ सप्टेंबरला ईदची सुट्टी असूनही आमच्या कार्यालयाने आम्हाला बोलावले, त्याचेही मी मागणार आहे.

पगारपत्रक | १७ सप्टेंबर, दुपारी १:१५

मी बावीस वर्षे मुंबईतील वेगवेगळ्या खासगी आस्थापनांचे पगार आणि रजा पाहत आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

उपनगरी यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सरकार जी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढते ती १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली असते आणि ती प्रामुख्याने बँका व सरकारी कार्यालयांसाठी असते. ठरावीक संख्येइतके कामगार असतील तर खासगी दुकान, गोदाम किंवा कार्यालय यांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. त्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या असतात, आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या असतात. ८ सप्टेंबरचे उदाहरण म्हणूनच नेमके आहे. अनंत चतुर्दशी ६ तारखेला असल्यामुळे सरकारने मुंबई शहर आणि उपनगरांसाठी ईदची सुट्टी ५ वरून ८ तारखेला नेली. परंतु आपल्या कंपनीच्या यादीत ईद नसेल, किंवा ५ तारीख लिहिलेली असेल आणि त्या दिवशी आपण घरी असाल, तर ८ तारखेला काम केल्याबद्दल बदली सुट्टीचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. आधी कंपनीची यादी पाहा.

तिसरा_फलाट यांच्या बाबतीत हा प्रश्नच नाही, कारण १५ ऑगस्ट ही ठरलेल्या चारांपैकी आहे. त्यांची अडचण पुराव्याची आणि मुदतीची आहे.

पुराव्याचे आधी सांगतो. हजेरीप्रणालीत सुट्टीचा दिवस आधीच भरलेला असतो. बऱ्याच प्रणालींत तर आपण त्या दिवशी यंत्रावर बोट लावले तरी वर ‘सुट्टी’च दिसते आणि खालची वेळ झाकली जाते. म्हणून पडद्यावर नोंद नाही, याचा अर्थ काम झाले नाही असा होत नाही. गोदामाच्या फाटकावर ये-जा वही असते, त्यात आपली वेळ आणि सही असणार. मोजणीच्या कागदावर तारीख आणि आपली सही असणार. साहेबांच्या फोनची नोंद आपल्या फोनमध्ये आहेच, आणि त्या दिवशी मोजणीचा फोटो किंवा आकडा कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर तोही आहे. यांपैकी फाटकाची वही सर्वांत भक्कम, कारण ती आपण लिहिलेली नसते. ती वही भरली की जुनी कोपऱ्यात जाते, म्हणून त्या पानाचा फोटो आजच घ्या.

आता मुदत. आपल्या कंपनीच्या रजा नियमावलीत बदली सुट्टी किती दिवसांत घ्यायची ते शोधा आणि शब्द नीट वाचा. ‘अर्ज करावा’ आणि ‘उपभोगावी’ यांत फार अंतर आहे. बहुतेक ठिकाणी सुट्टी त्या मुदतीत प्रत्यक्ष घेतलेली असावी लागते, नुसता अर्ज पुरत नाही.

तिसरा_फलाट | १७ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

आपल्या सांगण्यावरून दुपारी गोदामात गेलो. वहीत १५ ऑगस्टच्या पानावर १०:१० ला आत आणि ६:३५ ला बाहेर अशी नोंद आहे आणि खाली रखवालदारांची सही आहे. फोटो घेतला. नियमावलीही मिळाली. त्यात लिहिले आहे की सुट्टीच्या दिवशी विभागप्रमुखांच्या सूचनेने काम केल्यास आठ तासांसाठी एक दिवस आणि चार तासांसाठी अर्धा दिवस बदली सुट्टी मिळेल, आणि ती काम केलेल्या तारखेपासून साठ दिवसांच्या आत उपभोगली नाही तर रद्द होईल.

पगारपत्रक | १७ सप्टेंबर, रात्री ८:४५

आपले आठ तासांहून अधिक भरतात, म्हणजे पूर्ण दिवस. आता साठ दिवस मोजा. १५ ऑगस्टपासून तीस दिवस १४ सप्टेंबरला संपले आणि साठ १४ ऑक्टोबरला संपतील. काही विभाग कामाचा दिवसही धरतात, मग १३ ऑक्टोबर. कसेही मोजले तरी २३ ऑक्टोबर बाहेर पडते. साहेब ‘घे नंतर’ म्हणत राहिले, आपण भाऊबीजेची वाट पाहत राहिलात आणि २० तारखेला अर्ज केलात, तर सुट्टी केव्हाच गेलेली असेल, आणि त्यांनी नाकारली असे कोठेही दिसणार नाही. बदली सुट्टी बहुधा अशीच जाते. सुट्टी सहसा कोणी नाकारत नाही, नुसती पुढे ढकलली जाते.

बेलापूर_बाजू | १७ सप्टेंबर, रात्री ९:३०

माझाही असाच अनुभव आहे. गेल्या वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते, मला त्या दिवशी कार्यालयात बोलावले आणि बदली सुट्टी दिली नाही. धाग्यात त्याचे उत्तर दिसले नाही.

पगारपत्रक | १७ सप्टेंबर, रात्री ९:५५

तो वेगळा विषय आहे. मतदानाच्या दिवसाची भरपगारी सुट्टी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब खाली येते आणि तिचा हेतू मत देता यावे एवढाच आहे. ज्या कामगाराच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होऊ शकते, त्याला ते कलम लागत नाही. ती सुट्टी दुसऱ्या दिवशी दिल्याने हेतू साध्य होत नाही, म्हणून तिथे ‘बदली’ मागण्यापेक्षा त्याच दिवशी मतदानाला सोडले की नाही, हा प्रश्न असतो. आपल्याला सोडले होते का?

बेलापूर_बाजू | १७ सप्टेंबर, रात्री १०:०२

सोडले होते, पण केवळ दोन तास. मत दिले.

खुर्चीपलीकडून | १८ सप्टेंबर, सकाळी १०:४०

मी पंधरा माणसांच्या विभागाचा प्रमुख आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. आम्ही ‘नंतर बघू’ म्हणतो ते नेहमी कपटाने म्हणत नाही. त्या क्षणी कोणती तारीख मोकळी आहे ते आम्हाला ठाऊक नसते, आणि दिवाळीच्या आठवड्यात आठ जण रजेवर असतात. जो माणूस ‘मला एक सुट्टी द्या’ म्हणतो त्याला मी टाळतो. जो ‘मला १० तारखेची सुट्टी हवी, माझे काम त्या दिवशी अमुक पाहील’ असे लिहून देतो, त्याच्या अर्जावर मी बहुधा त्याच दिवशी सही करतो. एक मात्र खटकते. काही मंडळी प्रत्येक तास मोजून मागतात, आणि मग आपणही त्यांच्या उशिरा येण्याचे मिनिट मोजू लागतो. एवढे ताणू नये, असे माझे मत आहे.

शिवडी_बंदर | १८ सप्टेंबर, सकाळी ११:१५

खुर्चीपलीकडून यांच्या शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. पूर्ण सुट्टीचा दिवस आणि पाच मिनिटांचा उशीर एका तागडीत घालता येत नाहीत. ‘ताणू नये’ हे नेहमी ज्याची सुट्टी गेली त्यालाच का ऐकावे लागते?

तिसरा_फलाट | १८ सप्टेंबर, दुपारी १:५०

अर्जाचा मसुदा करून पाहिला, पण तो भांडखोर वाटतो. पहिलेच वाक्य ‘कायद्यानुसार मला सुट्टी देणे बंधनकारक असून’ असे आहे. कोणी सुधारून देईल का?

पगारपत्रक | १८ सप्टेंबर, दुपारी ३:२०

कायदा पहिल्या अर्जात आणू नका, तो नकार आल्यावर दुसऱ्या पत्रात येतो. पहिल्या अर्जात घडलेली गोष्ट, पुरावा आणि तारीख एवढेच असावे. साहेबांना ईमेलने पाठवा आणि मनुष्यबळ विभागाला प्रत द्या. मी असे लिहीन:

‘महोदय, १४ ऑगस्ट रोजी सायंकाळी आपण दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार मी शुक्रवार, १५ ऑगस्ट २०२५ रोजी साकीनाका गोदामात सकाळी १०:१० ते सायंकाळी ६:३५ या वेळेत दोन रॅकची साठामोजणी केली. गोदामात हजेरीयंत्र नसल्यामुळे माझ्या हजेरीत त्या दिवसाची नोंद झालेली नाही, तरी ती दुरुस्त करण्यात यावी. फाटकावरील ये-जा वहीच्या पानाचे व मोजणीपत्रकाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. रजा नियमावलीनुसार मिळणारी बदली सुट्टी मला गुरुवार, २३ ऑक्टोबर रोजी हवी आहे. ही तारीख साठ दिवसांच्या मुदतीनंतर येत असल्यामुळे मुदतवाढ द्यावी, ही विनंती. मुदतवाढ शक्य नसल्यास शुक्रवार, १० ऑक्टोबर रोजी सुट्टी मंजूर करावी. त्या दिवशीचे दैनंदिन काम आधी पूर्ण करून ठेवीन.’

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. ‘आपण दिलेल्या सूचनेनुसार’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण नियमावलीत सूचनेची अट आहे आणि तोंडी सूचनेला हाच लेखी आधार होतो. साहेबांनी ते खोडले नाही तर ते मान्य आहे, असे पुढे म्हणता येते. आणि मुदतीच्या आतली पर्यायी तारीख दिल्यामुळे मुदतवाढ नाकारली तरी सुट्टी वाचते.

शिवडी_बंदर | १८ सप्टेंबर, दुपारी ४:०५

‘विनंती’ हा शब्द सुट्टीसाठी नको होता. मुदतवाढीसाठी विनंती ठीक आहे, सुट्टीसाठी ‘मंजूर करावी’ एवढे पुरे.

पगारपत्रक | १८ सप्टेंबर, दुपारी ४:२०

मसुद्यात नेमके तसेच आहे, पुन्हा एकदा पाहा.

शिवडी_बंदर | १८ सप्टेंबर, दुपारी ४:२६

पाहिले. शब्द मागे घेतो.

रात्रपाळी | १८ सप्टेंबर, रात्री ११:५०

तुमच्या वहीवर सही करणारे रखवालदारही १५ ऑगस्टला कामावरच होते, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. मी स्वतः एका एजन्सीमार्फत सुरक्षारक्षक आहे. ज्या इमारतीत उभा असतो त्यांच्याकडे सुट्टी मागितली तर ते एजन्सीकडे बोट दाखवतात, आणि एजन्सी म्हणते की बदली माणूस मिळाला तर घे. माझी साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, आणि या वर्षी १५ ऑगस्टही शुक्रवारीच आला. त्या दिवशी मी बारा तास उभा होतो. माझ्या दोन सुट्ट्या गेल्या की एक?

पगारपत्रक | १९ सप्टेंबर, सकाळी ९:३०

आपण लिहिलेत हे बरे झाले. वेतन आणि रजा आपल्याला कामावर ठेवणारी एजन्सी देते, म्हणून अर्ज तिच्या नावानेच करावा आणि इमारतीच्या व्यवस्थापनाला प्रत द्यावी. साप्ताहिक सुट्टीला बोलावले तर तिच्या बदल्यात दोन महिन्यांच्या आत भरपाई सुट्टी द्यावी लागते, ही तरतूद २०१७ च्या कायद्यात आहे, आणि तीही आपण मागू शकता. दोन्ही एकाच दिवशी आल्यावर दोन मागाव्यात की एक, यावर मी वेगवेगळ्या कंपन्यांत वेगवेगळी पद्धत पाहिली आहे. मी आपल्या जागी असतो तर दोन्ही कारणे अर्जात स्वतंत्रपणे लिहिली असती आणि एजन्सीला लेखी उत्तर द्यायला लावले असते.

उपनगरी | १९ सप्टेंबर, सकाळी १०:१५

ईदची गोष्ट मान्य करतो. आमच्या यादीत ५ तारीख होती आणि त्या दिवशी कार्यालय बंदच होते. परंतु दुप्पट पगाराचे मी सोडलेले नाही. माझ्या काकांना त्यांच्या दुकानात १ मेचे दुप्पट पैसे आणि वर एक सुट्टी मिळत असे.

पगारपत्रक | १९ सप्टेंबर, सकाळी ११:००

काकांचे बरोबर आहे. १९४८ च्या जुन्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात या ठरलेल्या सुट्ट्यांना काम केल्यास दुप्पट वेतन आणि शिवाय अन्य एखाद्या दिवशी सुट्टी, अशा दोन्ही गोष्टी होत्या, आणि जुन्या कंपन्यांच्या करारांत ती ओळ आजही आढळते. पैशांचा मुद्दा लढवण्यासारखा आहे. माझा आग्रह एवढाच की तो सुट्टीच्या अर्जात मिसळू नये. दोन मागण्या एका पत्रात असल्या की विभाग पैशांची फाइल लेखापालाकडे पाठवतो, आणि ती परत येईपर्यंत सुट्टीची मुदत संपते.

उपनगरी | १९ सप्टेंबर, सकाळी ११:१२

मला ही सावधगिरी पटत नाही. पैसे वेगळे मागितले तर ‘सुट्टी घेतलीत ना’ असे म्हणून विषय संपवतात. मी दोन्ही एकत्रच मागेन.

खुर्चीपलीकडून | १९ सप्टेंबर, दुपारी १२:३०

तिसरा_फलाट यांचे पद काय आहे? आमच्याकडे सहायक व्यवस्थापक झाला की हा कायदा लागत नाही, असे आम्हाला सांगितले जाते.

पगारपत्रक | १९ सप्टेंबर, दुपारी १:१०

व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना हा कायदा लागत नाही, हे खरे आहे, परंतु नुसत्या पदनामाने ते ठरू नये. जो माणूस स्वतः रॅकवर चढून खोकी मोजतो, ज्याच्या हाताखाली कोणी नाही आणि जो कोणाची रजा मंजूर करत नाही, त्याच्या ओळखपत्रावर काहीही छापलेले असो, काम कारकुनी आहे. मालकाकडून समाधान झाले नाही तर मुंबईत महापालिकेच्या विभाग कार्यालयातील दुकाने व आस्थापना खात्याकडे लेखी तक्रार करता येते. साकीनाक्याचा बराचसा भाग कुर्ल्याच्या एल विभागात येतो. मात्र एका सुट्टीसाठी तिथपर्यंत जाण्याची वेळ क्वचितच येते.

चहाटपरी | १९ सप्टेंबर, दुपारी १:२५

एल विभागाच्या कार्यालयात जायला एक दिवस रजा काढावी लागेल. ती बदली सुट्टीतून मिळावी, अशी माझी सूचना आहे.

तिसरा_फलाट | ११ ऑक्टोबर, रात्री ८:१५

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. अर्ज १९ सप्टेंबरला पाठवला. चार दिवस उत्तर आले नाही, म्हणून त्याच ईमेलवर ‘मुदत १४ ऑक्टोबरला संपते, कृपया कळवावे’ एवढी एक ओळ पुन्हा लिहिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी वहीचे पान मूळ स्वरूपात पाहण्यासाठी गोदामात फोन केला आणि माझी हजेरी दुरुस्त झाली. आता १५ ऑगस्टसमोर ‘सुट्टीच्या दिवशी काम’ अशी नोंद दिसते. मुदतवाढ नाकारली, कारण एकाला दिली तर सर्वांना द्यावी लागेल, असे साहेबांचे म्हणणे होते. १० ऑक्टोबरची सुट्टी मंजूर झाली आणि काल साताऱ्याला जाऊन आलो. भाऊबीजेला नैमित्तिक रजा टाकली आहे. वेतनाबद्दल स्वतंत्र पत्र दिले आहे, त्यावर ‘तपासून कळवू’ एवढेच उत्तर आले आहे.

उपनगरी | ११ ऑक्टोबर, रात्री ८:४०

‘तपासून कळवू’ म्हणजे काय ते मी वर लिहिलेच होते.

परळची_सिस्टर | ११ ऑक्टोबर, रात्री ९:३०

अभिनंदन. एक शंका माझीही. या वर्षी २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले आणि मी दोन्हींच्या दिवशी ड्युटीवर होते. इन्चार्ज सिस्टरांनी एकच सी-ऑफ लिहिला आहे.

पगारपत्रक | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१०

काम एकच दिवस झाले, म्हणून बदली सुट्टीही एकच, त्यात त्यांची चूक नाही. परंतु आपल्या यादीतील आठांपैकी एक जागा दसऱ्याने घेतली असेल, तर प्रत्यक्षात या वर्षी सातच सुट्ट्या झाल्या. ते बोलायची वेळ गेल्या डिसेंबरात, यादी लागण्यापूर्वी होती. पुढच्या वर्षीची यादी अजून लागलेली नसेल, तर पंचांग घेऊन इन्चार्ज सिस्टरांकडे आताच जा.